शब्द ओळखीचा, अर्थ परका
मराठी-हिंदी व्यवहारातील फसवे शब्द आणि खानदेशचा व्यापारी

खानदेशातील व्यापाऱ्याला हिंदी शिकावी लागत नाही. ती त्याच्या कानावर आपोआप पडत असते. धुळ्याहून शिरपूरमार्गे निघालेला मुंबई-आग्रा महामार्ग सेंधव्यात शिरला की फलकांवरची भाषा बदलते. जळगावहून भुसावळ ओलांडून रेल्वेने बऱ्हाणपूर गाठले की स्थानकावर हिंदी ऐकू येते, आणि हे बऱ्हाणपूर तर कोणे एके काळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होते. जळगावची डाळ, रावेर-यावलची केळी, दोंडाईच्याची मिरची यांचे गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणावर हिंदी भाषक आहे. भरीला घराघरांत मारवाडी किंवा गुजराती, शेजारात अहिराणी आणि शाळेत मराठी. त्यामुळे खानदेशातील माणूस हिंदी बोलताना अडखळत नाही.

न अडखळणे हीच मात्र कधीकधी अडचण ठरते. जो शब्द मुळीच ठाऊक नसतो, त्याचा अर्थ माणूस विचारून घेतो. जो शब्द ओळखीचा वाटतो, त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात, दोघींचे बरेच शब्द एकाच संस्कृत किंवा फारसी-अरबी मुळातून आलेले आहेत, आणि त्यांतील पुष्कळ शब्दांचा अर्थ आजही एकच आहे. पण काही शब्दांनी दोन भाषांत दोन निराळ्या वाटा धरल्या. रूप तेच राहिले आणि अर्थ बदलला. गप्पांमध्ये अशा शब्दाने हसू येते; बिलावर, धनादेशावर किंवा भागीदारीच्या कागदावर तोच शब्द आला तर पैसा आणि संबंध दोन्ही पणाला लागतात. या लेखात मुख्यतः अशाच कागदांवरील शब्दांचा विचार केला आहे.

एका पत्राची गोष्ट

आधी एक नमुना पाहू. समजा, जळगावच्या एका डाळ व्यापाऱ्याने इंदूरच्या खरेदीदाराला तूरडाळीची शंभर पोती पाठविली. खरेदीदाराने कळविले की पोती अठ्ठ्याण्णवच उतरली. जळगावच्या पेढीवरील दिवाणजींनी उत्तर मनात मराठीत रचले. ते असे होते: ‘आपली तक्रार मिळाली. आमच्या मालाविषयी आपली हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या मुदतीत कळवावे. गाडीतून शंभर पोती उतरली, त्याचा दाखला सोबत आहे. कृपया सही करून परत पाठवावा. त्याने आमचे समाधान होईल.’

मराठीत हे पत्र नेमके आणि सभ्य आहे. दिवाणजींनी मग त्याची हिंदी केली: ‘आपकी तकरार मिली। हमारे माल पर आपकी हरकत हो तो पंद्रह दिन की मुद्दत में बताएँ। गाड़ी से सौ पोते उतरे, उसका दाखिला साथ में है। कृपया सही करके लौटाएँ। उससे हमारा समाधान होगा।’

एकही शब्द हिंदीबाहेरचा नाही. तरीही इंदूरच्या वाचकाच्या हाती निराळेच पत्र पडते. हिंदीत ‘तकरार’ म्हणजे भांडण. तक्रारीला तेथे ‘शिकायत’ म्हणतात. म्हणजे पहिल्याच वाक्यात खरेदीदार भांडखोर ठरला. ‘हरकत’ म्हणजे हिंदीत हालचाल, आणि बोलण्यात बहुधा वाईट चाळा किंवा खोडी. म्हणजे मालात त्याने काही खोडसाळपणा केला असल्यास कबूल करावा, असा सूर लागला. ‘मुद्दत’ म्हणजे हिंदीच्या रोजच्या वापरात दीर्घ काळ. ‘मुद्दत से नहीं मिले’ म्हणजे फार दिवसांत भेट नाही. पंधरा दिवसांना ‘मुद्दत’ म्हणणे त्याला चमत्कारिक वाटेल. ‘पोते’ म्हणजे मुलाचे मुलगे, नातू. मराठीतील ‘पोती’ तशीच लिहिली असती तर गाडीतून शंभर नाती उतरल्या असत्या. आणि ‘दाखिला’ म्हणजे शाळा-कॉलेजातील प्रवेश.

एवढ्यावर खरेदीदार थोडा रागावेल, थोडा हसेल आणि संदर्भाने अर्थ लावून घेईल. खरे नुकसान चौथ्या वाक्यात आहे. मराठीत ‘सही करून पाठवा’ म्हणजे स्वाक्षरी करून पाठवा. हिंदीत ‘सही करके लौटाएँ’ म्हणजे दुरुस्त करून, बरोबर करून परत पाठवा. खरेदीदाराचा कारकून आज्ञाधारकपणे पावती उघडतो, शंभरचा आकडा खोडतो, अठ्ठ्याण्णव लिहितो आणि स्वाक्षरी न करता कागद परत करतो. जळगावला हवा होता शंभर पोत्यांची पोच देणारा स्वाक्षरीचा कागद. मिळाला खाडाखोड केलेला, बिनस्वाक्षरीचा कागद. पोते पन्नास किलो भरतीचे धरले तर वाद फक्त एका क्विंटलचा होता. पण आता पुरावाच बिघडला, आणि तो बिघडविण्याची विनंती लेखी स्वरूपात जळगावहूनच गेलेली आहे.

हेच पत्र नीट हिंदीत असे होईल: ‘आपकी शिकायत मिली। माल के बारे में कोई आपत्ति हो तो पंद्रह दिन के भीतर लिखें। गाड़ी से पचास किलो भरती की सौ बोरियाँ उतरी थीं, उसकी रसीद साथ है। कृपया हस्ताक्षर करके लौटाएँ। इससे हमें संतोष होगा।’ शेवटचा शब्दही बदलावा लागला, कारण हिंदीत ‘समाधान’ म्हणजे प्रश्नाची उकल. मनाच्या तृप्तीला तेथे ‘संतोष’ म्हणतात. ‘बोरी’ हा शब्द मात्र खानदेशी कानाला पुन्हा चकवतो, कारण अंमळनेरकरांसाठी बोरी ही गावातून वाहणारी नदी आहे.

सही आणि हस्ताक्षर: दुहेरी फसवणूक

वरील पत्रातील ‘सही’ थोडी अधिक खोलात पाहण्यासारखी आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘खरे, निर्दोष’. जुन्या दरबारी कागदांवर मजकूर खरा असल्याची खूण म्हणून हा शेरा येई. हिंदीने शेऱ्याचा अर्थ ठेवला: सही म्हणजे बरोबर. मराठीने शेरा करणाऱ्या हाताची खूण लक्षात ठेवली: सही म्हणजे स्वाक्षरी. गुजरातीतही ‘सही’ म्हणजे स्वाक्षरीच. म्हणून घरी गुजराती बोलणाऱ्या कुटुंबाला या शब्दाची शंकासुद्धा येत नाही.

स्वाक्षरीसाठी हिंदीत ‘हस्ताक्षर’ हा शब्द आहे, आणि तोही मराठीत आहेच. पण मराठीत हस्ताक्षर म्हणजे लिहिण्याचे वळण. ‘मुलाचे हस्ताक्षर सुरेख आहे’ असे मराठीत म्हणतात, तेव्हा त्याच्या स्वाक्षरीबद्दल कोणी बोलत नसते. त्या अर्थी हिंदीत ‘लिखावट’ म्हणतात. म्हणजे दोन कल्पना, दोन शब्द आणि दोन्ही ठिकाणी चकवा.

बँकेच्या व्यवहारात याचा फटका कसा बसू शकतो ते पाहा. एखाद्याचा धनादेश न वटता परत येतो आणि द्विभाषी चिठ्ठीवर हिंदीत कारण असते: ‘हस्ताक्षर भिन्न’. धनादेशावरील नाव आणि रक्कम मुलाने भरली होती आणि स्वाक्षरी वडिलांनी केली होती. वडील मराठी अर्थाने वाचतात आणि समजतात की अक्षर दोघांचे दिसले म्हणून बँकेने हरकत घेतली. ते नवा धनादेश काढतात, सगळा मजकूर स्वतःच्या हाताने लिहितात आणि खाली पूर्वीसारखीच, वयाने बदललेली स्वाक्षरी करतात. तो धनादेशही परत येतो. वास्तविक धनादेशावरील मजकूर कोणीही भरला तरी चालतो. बँक जुळवून पाहते ती फक्त नमुना स्वाक्षरी. उपाय होता तो बँकेत जाऊन नमुना स्वाक्षरी नव्याने देण्याचा.

यात गेलेला वेळ स्वस्त नसतो. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत घेणारा लेखी नोटीस देऊ शकतो, आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न दिल्यास देणाऱ्यावर फौजदारी तक्रार होऊ शकते. स्वाक्षरी न जुळल्यामुळे परत आलेला धनादेशही या कलमातून सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये लक्ष्मी डायकेम प्रकरणात स्पष्ट केले आहे. एका शब्दाचा गैरसमज दोन आठवडे टिकला, तर प्रकरण कोणत्या वळणावर जाऊ शकते हे यावरून कळेल.

राजीनामा: सोडणे की जुळणे?

यापेक्षाही जपून वापरावा असा शब्द म्हणजे ‘राजीनामा’. मराठीत पद सोडण्याच्या पत्राला राजीनामा म्हणतात आणि गुजरातीतही हाच अर्थ आहे. हिंदीत मात्र राजीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राजी झाल्याचा कागद, म्हणजेच तडजोडपत्र. मध्य प्रदेशातील न्यायालयाच्या आवारात ‘दोनों पक्षों में राजीनामा हो गया’ असे ऐकू आले तर कोणी नोकरी सोडलेली नसते. खटला आपसात मिटलेला असतो. पद सोडण्याला हिंदीत ‘इस्तीफ़ा’ किंवा ‘त्यागपत्र’ म्हणतात.

फारसी शब्दाचा मूळ अर्थ पाहता हिंदीचा अर्थ त्याच्या अधिक जवळ आहे: राजी म्हणजे संमत आणि नामा म्हणजे कागद. मग मराठीत ‘सोडणे’ कोठून आले? त्याचा दुवा जुन्या महसुली कागदांत सापडतो. मुंबई इलाख्यात शेतकरी आपल्या नावावरील जमिनीचा हक्क सोडी तेव्हा तो सरकारात ‘राजीनामा’ देई आणि ती जमीन घेणारा ‘कबुलायत’ लिहून देई. खानदेशातील जुनी घराणी आपले दप्तर उघडतील तर या जोडीचे कागद आजही हाती लागतील. राजीखुशीने सोडल्याचा कागद म्हणून जो राजीनामा होता, त्यातील ‘राजीखुशी’ विसरली गेली आणि ‘सोडणे’ उरले.

आता हा शब्द भागीदारीत आणून पाहू. धुळ्याचा एक भागीदार आणि बऱ्हाणपूरचे दोन, अशी एक पेढी आहे असे समजा. धुळ्याच्या भागीदाराला बाहेर पडायचे आहे. तो हिंदीत लिहितो: ‘मैं भागीदारी से राजीनामा देता हूँ।’ बऱ्हाणपूरचा वकील हे वाचून गोंधळतो. भागीदारांत काही वाद होता आणि तो मिटला असे हा कागद सांगतो आहे काय? मिटला असेल तर हिशोबही पुरा झाला असे धरायचे काय? भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 प्रमाणे, इच्छेनुसार चालणाऱ्या भागीदारीतून निवृत्त होताना बाकी सर्व भागीदारांना तसा हेतू लेखी कळवावा लागतो. शिवाय निवृत्तीची जाहीर नोटीस निघेपर्यंत बाहेरच्या देणेकऱ्यांपुढे त्याची जबाबदारी संपत नाही. अशा वेळी कागदावरील शब्दाने ‘मी निवृत्त होत आहे’ एवढेच आणि तेवढेच सांगितले पाहिजे. ‘मैं फर्म से निवृत्त हो रहा हूँ’ एवढे साधे वाक्य पुरेसे आहे. त्याचा अर्थ दोन्ही भाषांत एकच लागतो.

उलट बाजू आणखी बोचरी आहे. समजा, हिशोबाचा जुना वाद खरोखरच मिटला आणि बऱ्हाणपूरहून निरोप आला: ‘राजीनामा तैयार है, आकर हस्ताक्षर कर दें।’ तिकडच्यांना म्हणायचे होते की तडजोडपत्र तयार आहे. धुळ्यात मात्र वाचले गेले की आपला राजीनामा त्यांनी परस्पर तयार करून ठेवला! समेटाच्या निरोपानेच घर फुटावे, अशी ही वेळ. येथे खुलासा एका दूरध्वनीने होऊ शकतो. पण तो दूरध्वनी करण्याआधी निरोपातील शब्दावर शंका यावी लागते, माणसावर नव्हे.

हरकत नाही, आपत्ती नाही

सरकारी कचेरीत ज्याला मराठीत ‘ना हरकत प्रमाणपत्र’ म्हणतात, त्यालाच हिंदीत ‘अनापत्ति प्रमाण पत्र’ म्हणतात. या एका जोडीत दोन्ही भाषांची अदलाबदल पाहायला मिळते. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. पूर, भूकंप, आग. हिंदीत आपत्ति म्हणजे प्रामुख्याने आक्षेप, आणि संकटाला तेथे ‘आपदा’ म्हणतात. म्हणून जे खाते महाराष्ट्रात ‘आपत्ती व्यवस्थापन’ आहे ते मध्य प्रदेशात ‘आपदा प्रबंधन’ आहे. ‘प्रबंध’ हाही असाच: हिंदीत व्यवस्था, मराठीत विद्यापीठाला सादर करायचा संशोधनग्रंथ. हिंदी पत्राखाली ‘प्रबंधक’ असे असेल तर तो व्यवस्थापक आहे, प्रबंध लिहिणारा विद्वान नव्हे.

‘सूचना’ हा या जातीचा शांत शब्द. चूक होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. हिंदीत सूचना म्हणजे माहिती. 2005 चा कायदा तेथे ‘सूचना का अधिकार’ आहे आणि मराठीत ‘माहितीचा अधिकार’. मराठीत सूचना म्हणजे काय करावे याविषयीचा निर्देश किंवा सल्ला. हिंदी खरेदीदाराने लिहिले की ‘भाव की सूचना दें’, तर त्याला आजचा भाव कळवून हवा आहे. किती भाव ठेवावा याचा सल्ला तो मागत नाही. मराठी व्यापाऱ्याने सल्ला म्हणून एक आकडा कळविला आणि समोरच्याने तो विक्रीचा भाव धरून सौदा टाकला, तर चूक कोणाची हे ठरविणे कठीण जाते.

‘दाखला’ घरातील मुलांच्या वेळी आठवावा. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मूल इंदूरला गेले आणि तेथे ‘दाखिला हो गया?’ असे विचारले, तर प्रश्न प्रवेश मिळाला काय असा आहे. कागद मिळाला काय असा नाही. हा कागद तेथे ‘स्थानांतरण प्रमाण पत्र’ या नावाने मागतात. उत्पन्नाच्या दाखल्याचीही तीच गत. हिंदीत ‘उत्पन्न’ म्हणजे निर्माण झालेले. मिळकतीला ‘आय’ म्हणतात. म्हणून आपली कृषी उत्पन्न बाजार समिती सेंधव्यात ‘कृषि उपज मंडी समिति’ होते.

धर्मचर्चेतील दोन शब्द

चातुर्मासात खानदेशातील पुष्कळ गावांत हिंदीतून प्रवचने होतात. तेथे दोन शब्दांचा मराठी अर्थ वाटेत आडवा येतो.

पहिला ‘राग’. मराठीत राग म्हणजे क्रोध. शास्त्रात आणि हिंदीतील प्रवचनात राग म्हणजे आसक्ती, रंगून जाणे. राग आणि द्वेष ही जोडी सांगितली जाते तेव्हा क्रोध आणि मान हे सामान्यतः द्वेषाच्या बाजूला धरतात, तर माया आणि लोभ रागाच्या बाजूला. लहानपणापासून मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने ‘राग छोड़ो’ हे मराठी अर्थाने ऐकले, तर त्याच्या मनात क्रोध दोनदा नोंदला जातो आणि लोभ एकदाही नाही. व्यापारी घरातील मुलाच्या बाबतीत ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही. ‘वीतराग’ म्हणजे ज्याचा संताप गेला तो, असा अर्थ मुले सांगतात तो यामुळेच.

दुसरा ‘अपेक्षा’. मराठीत अपेक्षा म्हणजे आपल्याला हवेसे वाटणे, आशा. अनेकांतवादात अपेक्षा म्हणजे दृष्टिकोन, संदर्भ: तोच माणूस मुलाच्या अपेक्षेने पिता आणि पित्याच्या अपेक्षेने पुत्र. हिंदीने हा अर्थ व्यवहारात जपला आहे. ‘पिछले वर्ष की अपेक्षा इस वर्ष आवक कम है’ याचा अर्थ गेल्या वर्षापेक्षा आवक कमी आहे. येथे कोणाची आशा फोल ठरलेली नाही. गंमत अशी की मराठीतील ‘पेक्षा’ हा प्रत्यय याच शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. म्हणजे मराठीनेही जुना अर्थ टाकला नाही, फक्त पहिले अक्षर गाळून तो वेगळ्या कप्प्यात ठेवला. हिंदी बाजार अहवाल वाचताना ‘की अपेक्षा’ दिसले की तेथे ‘पेक्षा’ वाचावे, अर्थ ताबडतोब लागतो. मात्र ‘अपेक्षा से अधिक’ असे असेल तर तेथे हिंदीतही आशाच अभिप्रेत असू शकते. दोन शब्दांमधील ‘की’ आणि ‘से’ यांवर नजर ठेवणे हाच तेथला उपाय.

नाव काढणे आणि नाम निकालना

एकेका शब्दापेक्षा वाक्प्रचार अधिक फसवे असतात, कारण त्यांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ बरोबर लागतो आणि तरीही एकंदर अर्थ चुकतो. ‘नाव’ आणि ‘नाम’ या एका शब्दाभोवती पाहिले तरी पुरे.

मराठीत ‘मुलाने घराण्याचे नाव काढले’ म्हणजे कीर्ती मिळविली. हिंदीत ‘नाम निकाल दिया’ म्हणजे यादीतून नाव वगळले. हिंदीत कीर्तीसाठी ‘नाम रोशन किया’ किंवा ‘नाम कमाया’ म्हणतात. मराठीत ‘मालाला नावे ठेवली’ म्हणजे मालात खोड काढली. हिंदीत ‘नाम रखा’ म्हणजे नामकरण केले किंवा पत राखली. त्यामुळे ‘ग्राहक ने हमारे माल का नाम रखा’ हे वाक्य ऐकणाऱ्याला स्तुती वाटू शकते, आणि सांगणाऱ्याला सांगायची असते निंदा. आणि कीर्दीत ‘नावे टाकणे’ म्हणजे निराळेच, ते खर्ची लिहिणे. हिंदी वहीत त्याला ‘नामे’ म्हणतात. एवढ्या एका ठिकाणी मात्र दोन्ही वह्या जुळतात.

कसे ओळखावे?

हे शब्द पाठ करण्याची यादी फार लांबते. त्यापेक्षा ते कोठून येतात हे लक्षात घेतले तर शंका योग्य जागी येते.

सर्वांत अधिक धोका कचेरीतील फारसी-अरबी शब्दांचा: सही, राजीनामा, हरकत, तक्रार, दाखला, मुदत. हे शब्द दोन्ही प्रदेशांत राज्यकारभारातून आले आणि ज्या कागदाशी ज्याचा संबंध आला त्या कागदाचा अर्थ त्याला चिकटला. दुसरा गट संस्कृत शब्दांचा: शिक्षा, आपत्ती, सूचना, समाधान, चेष्टा. यांत मूळ व्यापक अर्थाचा एक तुकडा एका भाषेने घेतला आणि दुसरा दुसरीने. शिक्षा म्हणजे मूळचे शिकविणे. हिंदीने विद्या ठेवली, मराठीने छडी. इंदूरहून आलेल्या सुनेने ‘बच्चे की शिक्षा’ची काळजी केली तर तिला मुलाच्या शिक्षणाबद्दल बोलायचे आहे. तिसरा गट पोती आणि पोते यांसारखा, केवळ ध्वनीच्या योगायोगाचा. तो सर्वांत हास्यास्पद आणि म्हणूनच सर्वांत कमी धोक्याचा, कारण वाक्य तेथेच अडते आणि चूक ताबडतोब पकडली जाते. सही, सूचना आणि राजीनामा अडत नाहीत. चुकीच्या अर्थानेही वाक्य सुरळीत वाचले जाते. धोका नेमका तेथे आहे.

गुजराती बोलणाऱ्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सही, राजीनामा, दाखला, शिक्षा या शब्दांच्या बाबतीत गुजराती मराठीच्या बाजूला उभी आहे. दोन भाषांनी एकच साक्ष दिली की तिसरीतही तेच असेल असे मन गृहीत धरते. हिंदी येथे एकटी पडते, आणि पत्र तर हिंदीतच लिहायचे असते.

सीमारेषा कायमची आखलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. वृत्तवाहिन्यांमुळे हिंदीचे अर्थ मराठीत शिरत आहेत. ‘खुलासा’ मराठीत स्पष्टीकरण होते. आता ‘धक्कादायक खुलासा’ असे हिंदी वळणाने गौप्यस्फोटाच्या अर्थी ऐकू येते. म्हणून आजोबांच्या आणि नातवाच्या मराठीतही एखादा शब्द दोन अर्थांनी वावरू शकतो.

पेढीवर पाळता येईल अशी रीत साधी आहे. हिंदी पत्र लिहून झाले की ते ज्याला मराठी येत नाही अशा हिंदी भाषकाला, निदान पलीकडच्या दलालाला, वाचून दाखवावे आणि त्याला काय समजले ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. ‘बरोबर आहे ना?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘सही है’ असेच येते. नग, भरती आणि वजन नेहमी अंकांत लिहावे, म्हणजे पोती असोत की बोऱ्या, आकडा बदलत नाही. स्वाक्षरी हवी असेल तेथे कागदावर रेघ आखून तिच्याखाली ‘हस्ताक्षर’ असे छापावे. आणि ज्या कागदाने हक्क सुटतो किंवा जडतो, त्यावर एका शब्दाचे काम एका वाक्याला द्यावे: ‘राजीनामा’ न लिहिता ‘मी अमुक तारखेपासून पेढीतून निवृत्त होत आहे’ असे लिहावे. वाक्याला जागा अधिक लागते. पण त्याचा अर्थ सेंधव्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकच राहतो.